एका होनाचे मोल

महाडच्या बाजारपेठेतील एका जुन्या पेढीची वाटणी ठरली आहे असे कल्पावे. दुकान, वखार, राहते घर आणि पोलादपूरची जागा यांचे भाव ठरविण्यात फारशी अडचण आली नाही. शेजारच्या गाळ्याचा सौदा गेल्याच वर्षी झाला होता आणि घाटाच्या रस्त्यालगतच्या जमिनीचे दरही सर्वांना ठाऊक होते. सोन्याचे दागिने सराफाच्या काट्यावर एका दुपारी मोजून झाले. अडचण आली ती तिजोरीच्या तळाशी, रेशमी चिंधीत गुंडाळलेल्या एका नगापाशी. आजोबांच्या चोपडीत त्याची नोंद एवढीच होती: शिवराई होन, नग एक. दर दिवाळीला चोपडापूजनात तो मांडला जाई आणि परत तिजोरीत जाई. २०२१ च्या जुलैमध्ये सावित्रीचे पाणी बाजारपेठेत शिरले, तेव्हा जी चार गाठोडी माडीवर हलवली, त्यांत हाही होता.

थोरल्या भावाला होन घरातच ठेवायचा आहे. मधल्या आणि धाकट्या भावाला त्यांचा वाटा रोख द्यायला तो तयार आहे. प्रश्न एवढाच, की वाटा कशाचा? सराफ म्हणतो, सोने तीन ग्रॅमच्या आत आहे, पंचवीस हजार धरा. मधला म्हणतो, “दादा, मुंबईच्या लिलावात असा होन बारा लाखांना गेला म्हणतात. मग आपला पंचवीस हजारांचा कसा?” दोघेही खोटे बोलत नाहीत आणि दोघांचाही आकडा उपयोगाचा नाही. असे प्रसंग घराघरांत येतात, आणि पाचपन्नास लाखांच्या मालमत्तेची वाटणी गोडीने पार पडूनही एका नगापायी भावांचे येणेजाणे थांबते. म्हणून ज्या वस्तूचे सौदे बोटांवर मोजण्याइतकेच झाले आहेत, तिचे मोल कसे काढतात, हे या एका होनावरून पाहू जाणे योग्य ठरेल.

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या राज्याची नाणी दोन धातूंत प्रसिद्ध आहेत: सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. दोहोंवर मजकूर एकच. एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्र पति’, आणि भोवती बारीक ठिपक्यांचे वर्तुळ. होनाचे वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सराफी भाषेत तीन माशांना थोडे कमी भरते. येथे पहिली गफलत होते. तांब्याची शिवराई महाराजांच्या नंतरही, पेशवाईभर आणि इंग्रजी अंमल सुरू झाल्यावरही काही काळ पाडली जात राहिली. अक्षरांची वळणे बदलली, कोठे ‘सिव’ झाले, कोठे ‘पती’ झाले. पुढे दोन ओळींमध्ये दोन आडव्या रेघा आल्या, तिला दुदांडी म्हणतात. अशा शिवराया अमाप आहेत आणि त्यांची सामान्य प्रत किरकोळ पैशांत मिळते. होन मात्र अत्यंत दुर्मीळ. दोहोंवर एकच नाव आहे म्हणून एकाच्या भावावरून दुसऱ्याचा भाव काढता येत नाही. तांब्याच्या शिवराईला लाखो रुपये मिळतात, अशा ज्या बातम्या मोबाईलवर फिरतात, त्या विकणाऱ्याने मागितलेल्या किमती असतात. मागितलेली किंमत म्हणजे सौदा नव्हे, हे व्यापाऱ्याच्या घरात वेगळे सांगावे लागू नये. पण नाण्याच्या बाबतीत ते विसरले जाते खरे.

मोलाआधी ओळख. होन जितका दुर्मीळ, तितक्याच त्याच्या नकला विपुल आहेत. काही उघडपणे स्मरणवस्तू म्हणून विकल्या जातात, काही दागिन्यात ओवण्यासाठी केल्या गेल्या, आणि काही फसविण्यासाठीच ओतलेल्या असतात. जुने नाणे दोन ठशांमध्ये धातूची चकती ठेवून घणाने ठोकलेले असते. त्यामुळे अक्षरांच्या कडा धारदार उमटतात, धातू दाबाने बाहेरच्या दिशेने सरकल्याच्या बारीक रेषा भिंगाखाली दिसतात, आणि ठसा मध्यावर न बसल्याने बहुधा एका बाजूचे ठिपके चकतीबाहेर गेलेले असतात. ओतीव नकलेची अक्षरे मेणासारखी मऊ दिसतात, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे सूक्ष्म खड्डे असतात आणि काठावर साच्याच्या जोडाची रेघ, किंवा ती घासून काढल्याच्या खुणा सापडतात. आणखी एक खूण फार उपयोगी पडते. एकाच ठशाने ठोकलेल्या दोन नाण्यांची अक्षरे सारखी असतील, पण प्रत्येकाची चकती आणि तिच्यावर ठसा पडलेली जागा निराळी असते. दोन होनांचा बाह्याकार, ठशाचा कल आणि एखादा ओरखडासुद्धा तंतोतंत जुळला, तर त्यांपैकी निदान एक दुसऱ्यावरून ओतलेला आहे. म्हणूनच छापील पुस्तकांतील आणि लिलावांच्या सूचीतील छायाचित्रे शेजारी ठेवून नाणे तपासतात.

धातूची परीक्षा करताना सराफाला एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी: कसोटीवर घासू नये आणि काठ कापू नये. दागिन्याला ती रीत ठीक आहे. नाण्याच्या काठावरचा कसोटीचा नवा घासा मात्र कायमचा राहतो आणि जाणता ग्राहक त्याचे पैसे कापून घेतो. हवेत आणि पाण्यात वजन करण्याची रीत निर्धोक आहे. समजा, होन हवेत २.८०० ग्रॅम भरला आणि बारीक दोऱ्याने पाण्यात लोंबता ठेवल्यावर त्याचे वजन ०.१५६ ग्रॅमने घटले. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की घनता १७.९ येते. शुद्ध सोन्याची १९.३ आणि बावीस कॅरटची १७.७ च्या आसपास असते, तेव्हा हा आकडा समाधानकारक म्हणावा. मात्र काटा एक मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा हवा. ग्रॅमचा शंभरावा भागच दाखविणाऱ्या काट्यावर घट ०.१५ दिसली तर घनता १८.७ येते आणि ०.१६ दिसली तर १७.५, इतक्या लहान नगाला तो काटा कुचकामाचा. क्ष-किरणांचे यंत्र अनेक ठिकाणी असते, पण ते सोन्याचा वरचा थरच वाचते. शिवाय ही परीक्षा एकाच दिशेने चालते. धातू हलका निघाला तर नाणे बाद होईल. धातू उत्तम निघाला म्हणून नाणे खरे ठरत नाही, कारण नक्कलही चोख सोन्यात ओतता येते.

त्यानंतर येतो नाण्याचा मागोवा, म्हणजे ते कोठून आले याचा पुरावा. या कुटुंबाजवळ आजोबांच्या हातची नोंद आहे. तिचा फोटो काढून, चोपडीचे वर्ष आणि पान लिहून ठेवण्याजोगे आहे, कारण ही नोंद नाण्याच्या खरेपणाला आधार देते आणि कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाची असते. महाड-पोलादपूरच्या डोंगरी भागात नांगरटीत, पावसाने दरड खचल्यावर किंवा घराचा पाया खणताना जुनी नाणी सापडतात आणि ती पेढीवर दाखवायला आणली जातात. १८७८ चा निखात निधी अधिनियम अजून लागू आहे: जमिनीत दडलेले आणि दहा रुपयांहून अधिक मोलाचे जे काही सापडेल, त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. तसे नाणे स्वस्तात मिळते म्हणून घेणारा व्यापारी फायद्याऐवजी फौजदारी विकत घेतो. ताज्या मातीने माखलेले आणि मागोवा नसलेले नाणे म्हणूनच प्रतिष्ठित लिलावगृहे सहसा हाती घेत नाहीत, आणि ज्याला मोठा बाजार बंद आहे त्याचा भावही त्या मानाने उतरतो.

ओळख पटल्यावर दोन टोके निश्चित करावीत. खालचे टोक सोपे आहे. २.८ ग्रॅम वजन, बावीस कॅरटचा कस आणि सोन्याचा दर ग्रॅमला १०,००० रुपये असा सोयीचा आकडा धरला, तर साधारण २५,००० रुपये होतात. सराफाचा आकडा हाच. यापेक्षा कमी मोल संभवत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

वरचे टोक शोधायला पूर्वीच्या विक्रीची नोंद लागते. मुंबई, बंगळूरु, अहमदाबाद येथील नाण्यांची लिलावगृहे छापील सूची काढतात आणि लिलावानंतर लागलेल्या बोलींची यादी प्रसिद्ध करतात. टोडीवाला, मरुधर आर्ट्स, क्लासिकल न्यूमिस्मॅटिक गॅलरी ही नावे या क्षेत्रात परिचित आहेत. मागील दहा-पंधरा वर्षांच्या सूची चाळून होनाची प्रत्येक नोंद टिपावी लागते. टिपताना बोली न लागलेले नगही सोडू नयेत. बहुतेक लोक विकलेलेच मोजतात आणि तेथेच फसतात.

ही नोंद वाचण्याचीही एक रीत आहे. लिलावात भाव चढतो तो जिंकणाऱ्याच्या मर्जीने नव्हे, हरणाऱ्याच्या. सर्वांत मोठी बोली देणारा वीस लाखांपर्यंत जायला तयार असेल, पण दुसरा नऊ लाखांवर थांबला, तर नाणे नऊ लाखांच्या थोडे वर सुटते. उलट दोन हौशी ग्राहक एकाच दिवशी भिडले, तर भाव भलताच चढतो. त्यांतील एकाचे काम झाले, की पुढच्या नगाला तेवढी स्पर्धा उरत नाही. अमेरिकेत १७९४ सालचा चांदीचा एक डॉलर २०१३ च्या लिलावात एक कोटी डॉलरच्या थोडा वर गेला. तेच नाणे, त्याच स्थितीत, २०२० मध्ये पुन्हा लिलावात आले तेव्हा राखीव किंमत न गाठल्याने ते विकलेच गेले नाही. पुढे २०२२ मध्ये खासगी सौद्यात त्याला एक कोटी वीस लाख डॉलर मिळाले. एकाच वस्तूच्या या तीन नोंदींपैकी एखादीच ज्याच्या हाती लागेल, त्याचे अनुमान किती चुकेल, याची यावरून कल्पना यावी.

खरेदीदार कोण होता, हेही पाहावे. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार निघाली आणि महाराष्ट्र शासनाने ती मध्यस्थामार्फत घेतली. वृत्तपत्रांत आकडा आला तो ४७.१५ लाख रुपयांचा; त्यात हाताळणी, वाहतूक आणि विमा यांचा खर्च धरलेला होता. उद्या कोणाच्या घरी मराठेशाहीतील तलवार निघाली आणि त्याने हा आकडा पुढे केला, तर दोन गोष्टी वजा कराव्या लागतील: हा वस्तूचा निव्वळ भाव नव्हता, आणि ऐतिहासिक ठेवा मायदेशी आणण्याच्या निश्चयाने आलेला असा ग्राहक प्रत्येक लिलावात नसतो. परदेशातील भावांबाबत आणखी एक अडसर आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर विकायला नेता येत नाही. लंडनच्या नाण्याला जगभरचे ग्राहक आहेत, महाडच्या नाण्याला भारतातलेच.

आता या घरातील होनाचा हिशेब मांडून पाहता येईल. पुढील सर्व आकडे केवळ रीत समजावी म्हणून कल्पिले आहेत. तो होनाचा बाजारभाव नव्हे. समजा, सूची चाळल्यावर तीनच नोंदी हाती लागल्या. आठ वर्षांपूर्वी एक होन ५ लाखांच्या बोलीवर गेला. त्याची स्थिती घरच्या होनासारखीच मध्यम होती. तीन वर्षांपूर्वी दुसरा १२ लाखांवर गेला. तो उत्कृष्ट स्थितीतला, जुन्या संग्रहातला आणि पुस्तकात छापून आलेला. मधल्या भावाने ऐकलेली बातमी हीच. गेल्या वर्षी तिसरा १० लाखांच्या किमान किमतीला ठेवला होता. मध्यम स्थितीतल्या त्या नगाला बोलीच लागली नाही.

आठ वर्षांपूर्वीचे ५ लाख म्हणजे आजचे किती, याचे उत्तर होनाच्या तीन नोंदींतून मिळत नाही. त्यासाठी वारंवार विकले जाणारे एखादे भावंड नाणे पूल म्हणून घेतात. विजयनगरचा होन, ज्याला वराह म्हणतात, तो साधारण ३.४ ग्रॅमचा असून त्याचे सामान्य प्रकार लिलावांत नेहमी येतात. समजा, तो आठ वर्षांपूर्वी २५,००० ला जात असे आणि आज ५५,००० ला जातो. घाईने पाहणारा म्हणेल, भाव सव्वादोन पट झाला, तर ५ लाखांचे ११ लाख झाले. येथेच मोठी चूक होते. वराहाच्या २५,००० पैकी १०,००० सोन्याचे होते आणि आजच्या ५५,००० पैकी ३१,००० सोन्याचे आहेत. सोने वजा केल्यावर संग्राहक ज्याचे पैसे मोजतो, तो भाग १५,००० वरून २४,००० झाला, म्हणजे १.६ पट. होनाच्या किमतीत सोने नाममात्र असते, म्हणून त्याला हीच पट लावायची. ५ लाखांतून तेव्हाचे सोने सुमारे ८,००० वजा करून, उरलेल्याला १.६ ने गुणून, आजचे सोने मिळविले, तर ८ लाख १० हजारांच्या आसपास येते.

दुसऱ्या नोंदीला, तीन वर्षांत वराहाचा संग्राहकी भाग १.२ पट झाला असे धरून, तीच रीत लावली तर साडेचौदा लाख होतात. पण ते नाणे उत्कृष्ट होते. उत्कृष्ट आणि मध्यम यांतील अंतरही भावंड नाण्यांवरूनच काढतात: एकाच प्रकारचे दोन स्थितींतले वराह एकाच लिलावात कितीला गेले, ते पाहायचे. समजा, हे गुणोत्तर दीडपट ते १.८ पट दिसले. मग साडेचौदा लाखांचे मध्यम स्थितीतले मोल ८ ते ९.७ लाखांच्या दरम्यान येते. दोन स्वतंत्र वाटांनी आलेले आकडे जवळपास जुळले आणि न विकल्या गेलेल्या तिसऱ्या होनाने १० लाखांवर झाकण घातले. तीन नोंदींतून याहून अधिक खात्री निघत नाही.

एवढ्यावर हिशेब संपला असता, पण भिंगाखाली होनाच्या वरच्या काठावर, ‘श्री’च्या डोक्यावर, झाळकामाचा एक लहानसा डाग दिसला. कोणे एके काळी घरातील एखाद्या सासुरवाशिणीच्या गळ्यात घालण्यासाठी त्याला कडी जोडलेली असणार आणि पुढे ती काढली असणार. मराठी घरांत होन आणि पुतळ्या अशाच माळेत ओवल्या जात, त्यामुळे ही खूण वारंवार आढळते. संग्राहक तिला दोष मानतो. कडीची खूण असलेली इतर सोन्याची नाणी बिनखुणेच्या नाण्यांपेक्षा चतुर्थांश ते दोन पंचमांश कमी भावाने जातात असे समजा दिसले. मग ८ लाखांचे दोन पंचमांश वजा करून ४.८ लाख आणि ९.७ लाखांचे चतुर्थांश वजा करून ७.३ लाख, असा पट्टा उरतो. डाग घासून काढावा असा मोह येथे होतो. त्याने चमक येईल आणि किंमत आणखी पडेल, कारण घासल्याच्या केसासारख्या रेषा दिव्याच्या तिरप्या उजेडात लगेच दिसतात. पूजेचे हळदकुंकू फार साचले असेल, तर डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवून, न चोळता, मऊ कापडावर टिपून घ्यावे. चिंचेला आणि ब्रशला हात लावू नये.

आणखी एक वजाबाकी उरते. लिलावात बोली ५ लाखांची असली, तर घेणारा तीवर कमिशन आणि कर धरून अधिक मोजतो आणि विकणाऱ्याच्या हाती लिलावगृहाचा वाटा वजा जाऊन कमी येते. विकणाऱ्याचे कमिशन १० टक्के धरले, तर वरील पट्टा ४.३ ते ६.६ लाख असा होतो. वाटणीत प्रश्न हा असतो, की नाणे विकले असते तर तिघांच्या हाती काय पडले असते. म्हणून हाच पट्टा खरा. मधला आकडा साडेपाच लाखांच्या थोडा खाली येतो. एखाद्या मूल्यांककाने एकच नेमका आकडा, तोही शेवटच्या हजारापर्यंत, लिहून दिला, तर तीन नोंदींवरून तो कसा आला हे त्याला विचारावे. पट्टा न देणारा अहवाल हा बहुधा विचार न केलेला अहवाल असतो.

पुढेमागे नाणे विकले, तर प्राप्तिकराचा प्रश्न येतो आणि तो याहून अवघड असतो. २००१ पूर्वीपासून घरात असलेल्या वारशाच्या भांडवली मालमत्तेची किंमत म्हणून १ एप्रिल २००१ रोजीचे बाजारमूल्य धरता येते. म्हणजे हाच पूल उलट दिशेने, त्या काळच्या सूची घेऊन, बांधावा लागतो. जुन्या छापील सूची म्हणूनच रद्दीत देऊ नयेत. नाणे कोणत्या प्रकारची मालमत्ता ठरेल आणि नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल कसा असावा, हे सनदी लेखापालाशी आधीच बोलून घेतलेले बरे.

आता भावांकडे वळावे. पट्टा ४.३ ते ६.६ लाखांचा असताना थोरल्याने खालचे टोक धरले तर धाकट्यांना लुबाडल्यासारखे वाटेल आणि वरचे टोक धरले तर थोरला कदाचित कधीच न मिळणाऱ्या पैशांचा धनी होईल. यावर व्यापारी घरांना शोभणारा एक तोडगा आहे. तिघांनी आपापला आकडा बंद पाकिटात लिहावा, ज्याचा आकडा मोठा त्याने होन घ्यावा आणि आपल्याच आकड्याचा तिसरा भाग इतर दोघांना प्रत्येकी द्यावा. ज्याला नाण्याची खरी ओढ आहे, तो आपोआप जास्त लिहितो. ज्याला भाव फुगवायचा आहे, त्याच्या गळ्यात नाणे पडण्याची धास्ती असते, म्हणून तोही जपून लिहितो. पट्टा तिघांसमोर आधीच असल्याने कोणी अंधारात लिहीत नाही.

त्यापेक्षाही वाटणीपत्रातील एक कलम अधिक कामाचे असते. नाणे थोरल्याकडे साडेपाच लाखांच्या हिशेबाने राहील. मात्र पुढील दहा वर्षांत ते विकले गेले, तर कमिशन आणि कर वजा जाता जी रक्कम साडेपाच लाखांहून अधिक येईल, ती तिघांत सारखी वाटली जाईल, आणि कमी आल्यास तो तोटा थोरल्याचाच राहील. या कलमासोबत होनाचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र, मिलिग्रॅमपर्यंतचे वजन, कडीच्या डागाची नोंद, चोपडीच्या पानाची प्रत आणि ज्या तीन नोंदींवरून पट्टा काढला त्यांच्या तारखा जोडून तिघांच्या सह्या घ्याव्यात. मग होन पुन्हा चिंधीत न गुंडाळता, मऊ पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक डबीत ठेवून बँकेच्या लॉकरमध्ये न्यावा. दिवाळीला पूजेत मांडायचा तर डबीसकट मांडता येतो.